टप्प्याचं काम मान्य असल्याची मेल आणि पुढचा हप्ता: कोकणात घर बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर देवगड, गुहागर किंवा श्रीवर्धनकडे उभं राहतंय आणि मालक ठाण्या-डोंबिवलीत नोकरीला आहे. किनारपट्टीवरच्या अनेक नव्या घरांची हीच स्थिती. ठेकेदाराला पुढच्या हप्त्याशिवाय काम रेटता येत नाही, आणि मालकाला काम बघितल्याशिवाय पैसे सोडवत नाहीत. या दोघांमध्ये एक मेल असते: "अमुक टप्प्याचं काम मला मान्य आहे, अमुक रक्कम देत आहे." तिच्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे, स्लॅबच्या टप्प्याचं, कारण सर्वांत मोठा हप्ता तिथे असतो आणि मिरगाआधीची घाईही तिथेच होते.

उदाहरणातलं घर ९०० चौरस फुटांचं, तळमजल्याचं, चिऱ्याच्या भिंती आणि वर आरसीसी स्लॅब. करार १८ लाखांचा, सर्व करांसह. हप्ते असे: काम सुरू करताना १० टक्के, जोत्याला २०, लिंटलला २०, स्लॅबला २५, गिलावा आणि फरशीला १५, ताबा देताना १०. म्हणजे स्लॅबचा हप्ता ४,५०,००० रुपये.

व्हॉट्सअपवर फोटो आले, मी "ओके" लिहिलं. तेवढं पुरत नाही का?

कायद्याने व्हॉट्सअपचा संदेशही इलेक्ट्रॉनिक नोंदच आहे, त्यामुळे तो अगदीच बिनकामाचा नाही. पण "ओके" कशाला? फोटो मिळाल्याला, स्लॅब ओतल्याला, की साडेचार लाख देण्याला? ठेकेदार म्हणतो, मालकाने काम पास केलं. मालक म्हणतो, मी फक्त फोटो पाहिल्याचं कळवलं. दोघंही खोटं बोलत नसतात, आणि म्हणूनच हा वाद मिटायला जड जातो.

मेलमध्ये विषय, तारीख, जोडलेले कागद आणि आधीचा पत्रव्यवहार एकाखाली एक राहतो. फोटो रोज व्हॉट्सअपवर खुशाल पाठवा. मान्यता मात्र मेलवरच द्या, आणि करारात तसं एक वाक्य आधीच घाला: "टप्प्याची मान्यता फक्त खालील मेल पत्त्यावरून दिलेलीच धरली जाईल."

स्लॅबचा टप्पा पूर्ण झाला असं नेमकं कधी म्हणायचं?

अर्धे वाद इथेच जन्माला येतात. करारात नुसतं "स्लॅब झाल्यावर २५ टक्के" लिहिलेलं असतं. ठेकेदाराच्या लेखी काँक्रीट ओतलं की स्लॅब झाला. मालकाच्या लेखी सेंटरिंग निघालं, खालून स्लॅब दिसला की झाला. मधे दोन आठवडे जातात, आणि त्याच दोन आठवड्यांत ठेकेदाराला सिमेंटवाल्याचे, सळईवाल्याचे पैसे द्यायचे असतात.

आयएस ४५६ या भारतीय मानकात टेके कधी काढायचे ते दिलं आहे. साधं सिमेंट आणि नेहमीची हवा धरली तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. बीमचे टेके ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस ठेवायचे. हल्ली बहुतेक ठिकाणी राखमिश्रित सिमेंट असतं, ते सावकाश ताकद धरतं, म्हणून हे दिवस कमीत कमी समजावेत. आमच्या उदाहरणात बीम चार मीटरचे आहेत. स्लॅब १२ एप्रिलला ओतला, म्हणजे इंजिनिअरची हरकत नसेल तर २६ एप्रिलला टेके निघतील.

आमचं मत स्पष्ट आहे: टप्पा टेके निघाल्यावर पूर्ण धरावा, कारण स्लॅबचा खालचा भाग पाहिल्याशिवाय मान्यतेला अर्थ नाही. ठेकेदाराची ओढाताण होते हेही खरं आहे. म्हणून २५ टक्क्यांचे करारातच दोन भाग करावेत: काँक्रीट ओतल्यावर १०, सेंटरिंग काढून पाहणी झाल्यावर १५. मग मेलही दोन जातात. तसं ठरलं नसेल तर पूर्ण हप्ता दुसऱ्या वेळीच. खाली हाच दुसरा प्रकार धरला आहे.

मान्यता देण्याआधी काय तपासायचं? मी मुंबईत आहे, दर आठवड्याला येता येत नाही.

दोनदा यावंच लागेल, किंवा तुमच्या वतीने तुमचा इंजिनिअर जायला हवा. ठेकेदाराचाच इंजिनिअर नव्हे. पहिली फेरी काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी, दुसरी सेंटरिंग निघाल्यावर.

पहिली फेरी जास्त महत्त्वाची, कारण त्या दिवशी जे दिसतं ते पुन्हा कधी दिसत नाही. सळईखाली कव्हर ब्लॉक किती जाडीचे आहेत ते पट्टीने मोजा. आयएस ४५६ किनारपट्टीची हवा "तीव्र" प्रकारात धरतं, आणि त्या प्रकारात सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण आणि किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट मागतं. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम ३५. प्रत्यक्षात साइटवर २० मिलिमीटरचे ब्लॉक, कधी नुसत्या खडीच्या कपच्या सापडतात. खारी हवा एवढं पातळ आवरण भेदून सळईपर्यंत लवकर पोचते. सळई गंजली की फुगते आणि खालचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. तुमच्या नकाशावर कव्हर किती लिहिलं आहे ते आधी बघा. तिथेच २० लिहिलं असेल तर तो प्रश्न ठेकेदाराला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचा.

दुसरी गोष्ट पाणी. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. प्रयोगशाळेचा अहवाल मागून घ्या, आणि तो चालू उन्हाळ्याचा असू द्या, गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याचा नको. वाळू खाडीची असेल तर तिच्या मिठाचीही चाचणी हवी.

ही तपासणी झाली की एक छोटी मेल पाठवा: "स्लॅबची सळई, कव्हर आणि पाण्याचा अहवाल पाहिला, काँक्रीट ओतायला हरकत नाही. ही मेल पैशाच्या मान्यतेची नाही." सोबत मोजपट्टी सळईला लावून काढलेले चार-सहा फोटो जोडा. पुढची पैशाची मेल याच फोटोंवर उभी राहते.

दुसऱ्या फेरीत खालून बघायचं. कुठे खडी उघडी पडून मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात का, सळई डोकावते का, बीमच्या तोंडाशी तडा आहे का. शंका येईल तिथे छोट्या हातोडीने ठोका: भरीव काँक्रीट खणखणतं, आत पोकळ असेल तर भद्द आवाज येतो. जिन्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत स्लॅबची कड उघडी असते, तिथे जाडी मोजा. आपल्या उदाहरणात ती १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच हवी. वर आळी बांधून पाणी साठवलेलं असेल तर खाली ओल कुठे उमटते तेही टिपा. पुढे गळणारी जागा बहुधा तीच असते. राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवं, आम्ही १४ धरतो.

क्यूबचा अहवाल २८ दिवसांनी येणार. तोवर पैसे अडवायचे का?

अडवू नका, अट घाला. क्यूब म्हणजे स्लॅब ओततानाच त्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे, ते नंतर फोडून ताकद मोजतात. या स्लॅब-बीमला साधारण १४ घनमीटर काँक्रीट लागतं. ६ ते १५ घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे, म्हणजे सहा ठोकळे भरलेले असायला हवेत. १२ एप्रिलचे ठोकळे १० मेला फुटतील. आणखी तीन जादा भरून सातव्या दिवशी फोडले तर अंदाज आधीच येतो. त्या वेळी साधारण दोन तृतीयांश ताकद मिळाली असेल तर गाडी रुळावर आहे. मेलमध्ये लिहा की मान्यता २८ दिवसांच्या अहवालाच्या अधीन आहे. अहवाल कमी आला तर काय, हेही त्याच वाक्यात यावं: पुढचा हप्ता थांबेल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल त्या चाचण्या ठेकेदाराच्या खर्चाने होतील.

ठोकळे भरलेच नाहीत असं उत्तर आलं तर तेही मेलमध्ये नोंदवा. मग रिबाउंड हॅमरसारख्या चाचणीवर अवलंबून राहावं लागतं, आणि ती ठोकळ्याइतकी नेमकी नसते.

मेलमध्ये नेमकं काय लिहायचं? नमुना द्याल का?

पाच गोष्टी हव्यात: कोणता करार आणि कोणता टप्पा, पाहणी कधी आणि कोणी केली, काय मान्य, काय मान्य नाही, आणि किती रक्कम कधी देणार. लांबलचक नको.

> विषय: टप्पा ४ (स्लॅब) मान्यता आणि हप्ता, करार दि. ५ डिसेंबर
>
> नमस्कार,
>
> वरील करारातील टप्पा ४, तळमजल्याचा स्लॅब आणि बीम, यांची सेंटरिंग काढल्यानंतरची पाहणी २७ एप्रिल रोजी मी व माझे इंजिनिअर यांनी तुमच्या उपस्थितीत केली. पाहणीचा तक्ता व फोटो सोबत जोडले आहेत.
>
> खालील दोन बाबी सोडून या टप्प्याचं दिसणारं काम मला मान्य आहे.
> १. मागच्या पडवीच्या बीमखाली सुमारे दोन फूट लांबीत खडी उघडी आहे. इंजिनिअरच्या सांगण्याप्रमाणे १० मेपर्यंत दुरुस्ती करावी.
> २. न्हाणीघराच्या कोपऱ्यात स्लॅबखाली ओल दिसली. पुन्हा पाणी साठवून तपासणी १० मेपर्यंत व्हावी.
>
> ही मान्यता २८ दिवसांच्या क्यूब अहवालाच्या अधीन आहे. अहवाल कमी आल्यास टप्पा ५ चा हप्ता थांबेल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतील त्या चाचण्या तुमच्या खर्चाने होतील. दोषदुरुस्तीची करारातली जबाबदारी कायम आहे.
>
> टप्प्याची रक्कम ४,५०,००० रुपये. अनामत ५ टक्के, २२,५०० रुपये वजा. वरील दोन बाबींसाठी १५,००० रुपये राखून. देय ४,१२,५०० रुपये, तुमचं बिल मिळाल्यापासून सात दिवसांत, करारात नोंदवलेल्या खात्यावर.
>
> राखून ठेवलेले १५,००० दोन्ही कामं तपासून झाल्यावर सात दिवसांत देईन.

"दिसणारं काम" हे दोन शब्द गाळू नका. आणि "सगळं छान झालंय, धन्यवाद" एवढंच लिहिण्याचा मोह आवरा. ठेकेदाराचं कौतुक करायचं असेल तर त्याची वेगळी मेल करा, त्याला तीही हवी असते.

थोडे दोष आहेत. पूर्ण हप्ता रोखला तर काम लवकर होईल ना?

उलट होतं. वीस-पंचवीस टक्के पैसे अडकले की ठेकेदार गवंडी दुसऱ्या साइटवर हलवतो, आणि कोकणात मे महिन्यात हातचा गेलेला गवंडी पावसाआधी परत मिळत नाही. त्यातच वर सोडलेल्या कॉलमच्या सळ्या उघड्या राहिल्या तर पहिल्या सरीतच गंज धरतात.

दोषाच्या प्रमाणात रोखा. आम्ही वापरतो तो हिशेब सोपा आहे: ती दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्यायला जो खर्च येईल त्याच्या दुप्पट. वरच्या दोन कामांचा अंदाज साडेसात हजार, म्हणून १५,००० राखले. दुप्पट यासाठी की परत येऊन काम करणं ठेकेदाराला फायद्याचं ठरावं. उघड्या खडीच्या जागी नुसती सिमेंटची पेस्ट फासून फोटो पाठवला तर पैसे सोडू नका. सुटी खडी भरीव काँक्रीटपर्यंत तोडून काढायची, जागा धुऊन ओली करायची आणि पॉलिमर मिसळलेल्या किंवा न आकसणाऱ्या मसाल्याने भरायची. तोडतानाचा फोटो मागा.

दोष रचनेचा असेल, म्हणजे बीमला आरपार तडा किंवा स्लॅब मधे दबलेला, तर हा हिशेब लागू नाही. तिथे मान्यता द्यायचीच नाही. कारण लिहून नकाराची मेल पाठवायची.

मान्यता दिल्यावर आतला दोष निघाला तर माझा हक्क गेला का?

पाहणीत जे सहज दिसलं असतं आणि तरी तुम्ही बिनशर्त मान्य केलं, त्यावर नंतर भांडणं कठीण. आत दडलेल्या दोषाचं तसं नाही, विशेषतः मेलमध्ये "दिसणारं काम" लिहिलेलं असेल आणि करारात दोषदुरुस्तीची मुदत असेल तर. कोकणात ही मुदत किमान एक पूर्ण पावसाळा झाकेल अशी ठेवावी. ऑक्टोबरात ताबा घेऊन सहा महिन्यांची मुदत ठेवली तर ती पाऊस पडायच्या आत संपते.

मी ठेकेदार आहे. काम पूर्ण झालं, मालक मेलला उत्तरच देत नाही.

गप्प बसणं म्हणजे मान्यता, असं करारात लिहिलेलं असेल तरच त्याचा आधार घेता येतो. म्हणून हे कलम करार करतानाच घाला: काम पूर्ण झाल्याची मेल मिळाल्यापासून दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर हप्त्यापुरतं काम मान्य समजलं जाईल. "हप्त्यापुरतं" हा शब्द मालकालाही सुरक्षित ठेवतो, त्यामुळे तो सही करायला कचरत नाही.

करारात मेल पत्ता नोंदवून ठेवण्याचंही कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर, नेमून दिलेल्या पत्त्यावर मेल पोचली तीच मिळाल्याची वेळ. "मी उघडली नाही" हे उत्तर मग टिकत नाही. नोंदवलेल्या पत्त्याऐवजी ऑफिसच्या मेलवर पाठवलीत तर मात्र मालकाने ती प्रत्यक्ष मिळवली तेव्हाच मिळाली असं धरतात.

कलम नसेल तर पाहणीसाठी दोन तारखा देऊन मेल करा, आठ दिवसांनी त्याच मेलखाली स्मरण द्या, आणि तिसऱ्या वेळी तोच मजकूर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. तारीख देताना मालकाची सोय बघा. गावच्या जत्रेला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तो येणारच असतो.

बाबा गावी असतात. त्यांनी साइटवर "बरं झालं" म्हटलं. ती मान्यता धरायची का?

करारावर त्यांची सही नसेल किंवा त्यांना तसा अधिकार लिहून दिला नसेल तर धरू नये. घर भावांचं सामाईक असेल तर मान्यता कोण देणार ते एकच नाव करारात लिहा, आणि बाकीच्यांना मेलची प्रत जाऊ द्या. दोन भावांनी दोन वेगळी उत्तरं पाठवली की काम तिथेच थांबतं.

गृहकर्जाचा पुढचा हप्ता या मेलवर मिळेल का?

नाही. बँक साधारणपणे तुमचा वितरणाचा अर्ज आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला मागते, शिवाय स्वतःचा माणूस पाहणीला पाठवते. गावात त्याची फेरी लागायला वेळ जातो. म्हणून सेंटरिंग निघण्याची तारीख कळताच बँकेला कळवा. आणि कर्जातून पैसे द्यायचे असतील तर "सात दिवसांत" असं वचन ठेकेदाराला देऊ नका, "बँकेकडून रक्कम आल्यापासून तीन दिवसांत, पण कमाल अमुक तारखेपर्यंत" असं लिहा.

ठेकेदाराने बिल मेलच्या आधी द्यायचं की नंतर?

जीएसटीत नोंदणी असलेल्या ठेकेदारासाठी नियम आहे. सलग चालणाऱ्या कामात पैसे एखादा टप्पा पूर्ण होण्याशी जोडलेले असतील तर तो टप्पा पूर्ण होण्याच्या दिवशी किंवा त्याआधी बिल निघायला हवं. म्हणजे टप्प्याची व्याख्या इथेही कामाला येते. टप्पा "मालकाची मान्यता मिळाल्यावर पूर्ण" असा लिहिलेला असेल तर मेल आणि बिल एकाच दिवशी बसतात आणि दोन्हींच्या तारखा जुळतात.

प्रकरण कोर्टात गेलं तर मेलची प्रिंट पुरते का?

नुसती प्रिंट बहुधा पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ मेल खात्यातच राहू द्या, जोडपत्रांसह `.eml` फाइल उतरवून वेगळी ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, त्यात मेल कुठून कशी आली ते दिसत नाही.

मान्यता दिल्यावर ठेकेदाराची मेल आली: "खातं बदललं आहे, नव्या खात्यावर पाठवा." काय करायचं?

पैसे पाठवू नका. मेल पत्ता एका अक्षराने वेगळा असू शकतो, किंवा ठेकेदाराचं मेल खातंच दुसऱ्याच्या हाती गेलेलं असू शकतं. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून त्याच्या तोंडून खात्याचे शेवटचे चार आकडे ऐका. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका. बदल खरा असेल तर सहीचं पत्र आणि रद्द केलेला चेक घ्या, एक रुपया पाठवून मिळाल्याचं विचारा, मगच उरलेले ४,१२,४९९ सोडा.